तळहात, नखं आणि खालची पापणी: रक्त कमी आहे का, हे फोटोत किती कळतं?

ठाण्यात माझं छोटं क्लिनिक आहे. पूर्वी लोक समोर येऊन हात पुढे करायचे, आता हाताचा फोटो येतो. कधी तळहात, कधी नखं, कधी बोटाने खाली ओढलेली पापणी, आणि खाली एकच ओळ: "डॉक्टर, रक्त कमी वाटतंय का?" तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रक्त कमी झालं की तळहात फिकट का दिसतात?

त्वचेखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यातून वाहणारं हिमोग्लोबिन उजेडातला हिरवा आणि निळा भाग शोषून घेतं आणि तांबडा परत पाठवतं. हिमोग्लोबिन कमी झालं की हे शोषणं कमी होतं आणि त्वचेचा लालसरपणा उतरतो.

पण रंग फक्त हिमोग्लोबिनवर ठरत नाही. त्या क्षणी त्या जागी किती रक्त वाहतंय, यावरही ठरतो. एसीत बसलेल्या माणसाच्या हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त उत्तम असूनही हात पांढुरका दिसतो. उलट गरम पाण्यात भांडी घासून उठलेल्या बाईचा हात रक्त कमी असूनही लालबुंद दिसू शकतो. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. तळहात, नखं, पापणी, तिन्हीपैकी कुठे बघायचं?

एकच जागा निवडायची असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू. तिथे जाड त्वचा नाही, रंगद्रव्य फारसं नाही, नुसता पातळ ओला पडदा आणि त्याच्यामागे रक्तवाहिन्या. गोऱ्या आणि सावळ्या माणसात ती बरीचशी सारखी दिसते, हा मोठा फायदा.

तळहाताला रंगद्रव्य कमी असतं, म्हणून तोही बरा. पण घट्टे, हळद, मेंदी, डिटर्जंटने सोललेली कातडी हे सगळं मध्ये येतं. नखाखालचा भाग गुलाबी असायला हवा. तिथे नेलपॉलिश, जाड झालेलं नख आणि नखाच्या उंचवट्यावरची चमक नडते. मी तिन्ही बघते. तिन्ही फिकट असतील तर माझा विश्वास वाढतो, एकच असेल तर आधी दुसरं कारण शोधते.

३. पापणी नेमकी कशी बघायची? आम्ही ओढून बघितली, पण काय बघायचं तेच कळलं नाही.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. हात धुवा. खिडकीकडे तोंड करून बसा. समोरच्याला वर बघायला सांगा. गालाच्या हाडावर बोट टेकवून त्वचा हलकेच खाली सरकवा. पापणीचं टोक चिमटीत धरून ओढू नका.

आता आत दोन पट्टे दिसतील. एक पापण्यांच्या केसांच्या लगेच मागे, काठाशी असलेला अरुंद पट्टा. दुसरा त्याच्या मागे, खाचेकडे जाणारा रुंद भाग. निरोगी माणसात काठाचा पट्टा चांगला लाल असतो आणि मागचा भाग त्यापेक्षा फिका, मांसल गुलाबी असतो. म्हणजे दोघांत फरक दिसतो. रक्त बरंच कमी झालं की काठाचा लाल रंग उतरतो आणि दोन्ही भाग जवळजवळ एकाच रंगाचे होतात.

लोक मागचा भाग बघतात आणि "फिकट आहे" म्हणतात. तो फिकट असायचाच. तुम्हाला बघायचाय तो फरक: आहे की पुसला गेलाय. दोन-तीन सेकंदांत बघून सोडा. पापणी जास्त वेळ ताणून धरली तर ताणानेच रंग बदलतो, आणि चारदा ओढली तर चोळल्यासारखी लाल होते.

४. फिकटपणा दिसला नाही, म्हणजे रक्त चांगलं आहे ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीप्रमाणे गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. (आकडे एक डेसिलिटर रक्तामागे ग्रॅममध्ये.) पण १०–११ वर असलेल्या बाईची पापणी अनेकदा अगदी छान लाल दिसते. डोळ्याला खात्रीने कळेल असा फिकटपणा बहुधा हिमोग्लोबिन बरंच घसरल्यावर येतो. सात-आठच्या खाली तो दिसण्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या टप्प्यात दोन अनुभवी डॉक्टरही एकाच पापणीवर वेगळं मत देतात, हे मी वॉर्डात शिकत असल्यापासून बघत आले आहे.

म्हणून फिकटपणा ठळक दिसला तर त्याला वजन आहे, न दिसला तर फारसं नाही. धाप, थकवा, अंगावरून जास्त जाणं, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, यांपैकी काही असेल तर पापणी लाल असली तरी तपासणी करा.

५. आणि फिकट दिसलं तर रक्तक्षय नक्की?

तेही नाही. थंडी, भीती, चक्कर येण्याआधीची अवस्था, कमी चालणारं थायरॉइड, अंगावर सूज, किंवा जन्मतःच तशी कांती. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करणारा मुलगा आला होता. आईने त्याच्या नखांचे फोटो बघून आठवडाभर बीट आणि डाळिंब खायला घातलं होतं. हिमोग्लोबिन निघालं १४.८. दिवसभर त्याच्या डोक्यावर एसीचा झोत, एवढंच.

६. मग फोटोत नक्की काय बिघडतं? डोळ्याला दिसतं तेच तर कॅमेरा टिपतो.

तेच टिपत नाही. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत स्वतः दोन निर्णय घेतो. पहिला, चित्र किती उजळ करायचं. मागे काळी ओढणी असेल तर तो सगळं उजळ करतो आणि तळहात पांढराफटक होतो. पांढरी चादर असेल तर सगळं गडद करतो आणि तोच तळहात भरल्यासारखा दिसतो.

दुसरा निर्णय रंगाचा. पांढरं काय आहे याचा अंदाज बांधून कॅमेरा सगळे रंग सरकवतो. पिवळ्या बल्बखाली तो पिवळेपणा थोडा काढतो, पण किती काढेल याचा नेम नाही. चौकटीत नुसता तळहात भरलेला असेल तर पांढऱ्याचा अंदाज बांधायला काही उरतच नाही. मग सगळीकडे दिसणारा लालसरपणा दिव्याचा समजून कॅमेरा तोच कमी करू शकतो. आपल्याला जो रंग मोजायचा आहे, नेमका तोच.

सेल्फी कॅमेऱ्याचा सौंदर्य फिल्टर तर कातडी एकसारखी करण्यासाठीच असतो.

आणि शेवटची ठेच पाठवताना लागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. अशा फोटोत उजेड-सावलीचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, पण रंगाचा तपशील जाडसर होतो आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. प्रश्न ३ मधला काठाचा पट्टा जेमतेम दोन-एक मिलिमीटरचा. फोटो लांबून काढला असेल तर लाल काठ आणि फिका मागचा भाग यांची सीमा तिथेच पुसली जाते आणि चांगल्या माणसाची पापणीही रक्तक्षयाची वाटू लागते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बघणाऱ्याच्या फोनचंही विसरू नका. माझा फोन रात्री आपोआप पिवळसर होतो. एकदा अर्धा तास मी एका बाळाला कावीळ आहे का या काळजीत होते.

७. तरी फोटो काढायचाच असेल तर कसा काढू?

सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास, खिडकीजवळ, पण थेट ऊन अंगावर न घेता. खोलीतले दिवे बंद. मागचा कॅमेरा, फ्लॅश बंद, फिल्टर बंद. दहा मिनिटं आधी एसी किंवा गरम पाणी नको, आणि हात छातीच्या उंचीवर. हात डोक्यावर उचलून धरला तर रक्त खाली उतरतं आणि तळहात फिकट होतो. खाली लोंबकळत ठेवला तर उलटं.

तळहाताची बोटं मागे ताणू नका, सैल सोडा. ताणलेल्या तळहातातलं रक्त दाबाने सरकतं. लहान मुलाचा हात बाजूने धरून अलगद उघडा.

हाताशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा ठेवा, हाताच्याच पातळीवर, म्हणजे दोघांवर सारखाच उजेड पडेल. मोठा कागद नको, नाहीतर कॅमेरा हाताला गडद करेल. फोकससाठी स्क्रीनवर हातावर टिचकी मारा, कागदावर नको. मग फोटोतला कागद बघा. तो पिवळा, निळा किंवा गुलाबी दिसत असेल तर हाताच्या रंगाबद्दल त्या फोटोवरून काही बोलू नका. पापणीच्या फोटोत डोळ्याचा पांढरा भाग हे काम थोडंफार करतो, पण तो स्वतः लाल किंवा पिवळा नसेल तरच.

शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचा हात त्याच चौकटीत घ्या. तुमची बहीण आणि तुम्ही, शेजारी शेजारी. एका फोटोतली तुलना दोन वेगवेगळ्या फोटोंतल्या तुलनेपेक्षा कितीतरी भरवशाची.

८. एखादं खरं उदाहरण सांगाल का, फोटो आणि रिपोर्ट दोन्हींसकट?

कळव्यात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई, वय एक्केचाळीस. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. फोटो पाठवला तो नेरूळला राहणाऱ्या त्यांच्या नणंदेने, रात्री साडेनऊला. "वहिनी स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबतात. पण हात बघा, लाल आहेत ना?"

हात खरंच लाल होते. पण दोन गोष्टी खटकल्या. मागे पोळ्यांचा ढीग दिसत होता, म्हणजे हात नुकताच तव्यापासून आलेला. आणि ज्या कागदावर पोळ्या रचल्या होत्या तो फोटोत लोण्याच्या रंगाचा दिसत होता. मी विचारलं, कागद कसा आहे? "पांढराच." म्हणजे दिव्याचा पिवळा-तांबूस रंग हातावरही चढलेला होता. फोटो बाजूला ठेवला आणि पाळीबद्दल विचारलं. आठ-नऊ दिवस, गाठी पडतात, वर्षभर असंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतला फोटो आला, कागदाच्या तुकड्यासह. आता तळहात फिका वाटत होता, पण शपथेवर सांगण्याइतका नाही. पापणीचा फोटो हलला होता. दुपारी त्या क्लिनिकमध्ये आल्या आणि मी पापणी खाली सरकवली तेव्हा शंका उरली नाही: काठ आणि मागचा भाग एकच रंग.

हिमोग्लोबिन ७.४. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६४, म्हणजे बराच लहान (साधारण ८० ते १०० हवा). शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ६, म्हणजे डबा रिकामा. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ सापडली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, गाठीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.२.

यात फोटोने काय केलं? रात्रीच्या फोटोने दिशाभूल केली. सकाळच्या फोटोने काहीच ठरवलं नाही. बाईंना माझ्यापर्यंत आणलं ते नणंदेच्या "पूल चढताना थांबतात" या वाक्याने.

९. औषध सुरू झाल्यावर दर आठवड्याला फोटो काढून सुधारणा बघता येईल का?

वरच्याच बाईंच्या नणंदेने असे फोटो जपून ठेवले होते. ७.४ चा आणि ९.२ चा फोटो शेजारी ठेवून तिने मला विचारलं, "यात फरक कुठे आहे?" मलाही दिसला नाही. सुधारणा रक्ताच्या तपासणीवर बघायची, साधारण चार आठवड्यांनी. आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर गोळ्या लगेच थांबवायच्या नसतात; रिकामा डबा भरायला त्यानंतरही काही महिने लागतात.

१०. फोनवर नखाचा फोटो काढून हिमोग्लोबिन सांगणारी ॲप असतात म्हणे. त्यांचं काय?

कल्पना पोकळ नाही. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिनचा अंदाज बांधणारं ॲप प्रसिद्ध केलं. त्यांच्या चाचणीत अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा यांतला फरक साधारण अधिक-उणे २.४ पर्यंत होता. हा आकडा घरगुती भाषेत मांडू. ॲपने ११ दाखवलं तर खरं हिमोग्लोबिन ८.६ ते १३.४ यांत कुठेही असू शकतं. एका टोकाला ताबडतोब उपचार लागणारी बाई, दुसऱ्या टोकाला पूर्ण निरोगी.

त्याच संशोधनात, त्या-त्या माणसाच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ॲप जुळवून घेतल्यावर चूक ०.९२ पर्यंत खाली आली. म्हणजे ज्याचं रक्त वारंवार तपासलं जातंच अशा जुन्या रुग्णाला मधल्या काळात त्याचा उपयोग होऊ शकतो. पहिल्यांदा शोधायला निघालेल्यासाठी "तपासणी करायला जा" एवढंच ते सांगू शकतं. "जाऊ नको" हे त्याच्याकडून ऐकू नका.

११. ऑक्सिमीटर ९९ दाखवतो. मग रक्त कमी कसं?

ऑक्सिमीटर सांगतो की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय. हिमोग्लोबिन किती आहे हे तो सांगत नाही. ठाण्याहून सुटलेली लोकल बारा डब्यांची असो की सहा डब्यांची, भरलेली असली की शंभर टक्केच. पण सहा डब्यांत माणसं निम्मीच पोचतात.

१२. नख दाबून सोडलं की लगेच गुलाबी होतं. म्हणजे ठीक?

ती तपासणी रक्ताभिसरणाची आहे, हिमोग्लोबिनची नाही. दोन-तीन सेकंदांत रंग परत आला तर रक्त वाहतंय एवढंच कळतं.

१३. नखांवर पांढरे ठिपके आहेत. हे रक्त कमी असल्याचं लक्षण?

नाही, कॅल्शियम कमी असल्याचंही नाही. बहुतेकदा नखाच्या मुळाशी आठवड्यांपूर्वी लागलेल्या माराची खूण असते. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर मात्र दाखवा. जुन्या लोहाच्या कमतरतेत तसं होतं.

१४. डोळे आले आहेत किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आहे. पापणी बघून उपयोग?

नाही. सूज आलेली पापणी रक्त कितीही कमी असलं तरी लाल दिसते. नुकतंच रडून झालेलं मूल, ॲलर्जी, कांदा चिरलेला, धूळ गेलेली, सगळं त्यातच आलं. तेव्हा तळहाताकडे वळा.

१५. पापणी फिकट आहेच, मग तपासणी कशाला? मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करतो.

कारण फिकटपणा कारण सांगत नाही. ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उल्हासनगरकडे, सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि त्या समाजात थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातला सौम्य आनुवंशिक दोष, इतरांपेक्षा जास्त आढळतो. कच्छी भानुशाली, लोहाणा आणि पंजाबी कुटुंबांतही. अशा माणसाचं हिमोग्लोबिन आयुष्यभर थोडं कमी असू शकतं, पेशीही लहान असतात, पण लोह भरपूर असतं. त्याला गोळ्यांनी काही होत नाही. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला हे माहीत असणं मात्र फार गरजेचं, कारण आई-वडील दोघेही असे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक.

बी-१२ कमी असेल तरी फिकटपणा येतो, त्यालाही लोह चालत नाही. आणि पन्नाशीच्या पुरुषाला लोहाची कमतरता असेल तर गोळीआधी प्रश्न विचारायचा: रक्त जातंय कुठून? पोटातून, आतड्यातून, मूळव्याधीतून?

आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी साधी तपासणी, करा. पुढचं त्याच्या आकड्यांवर ठरतं. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही विचारा.

१६. अपघातात खूप रक्त गेलं, पण लगेच केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १३. फोटोतही हात ठीक. घरी न्यायचं का?

अजिबात नाही. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकत्रच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्तात हिमोग्लोबिनचं प्रमाण आधी तेवढंच राहतं. शरीर बाहेरून पाणी आत ओढून घेतं किंवा सलाईन लागतं, तेव्हा आकडा उतरतो. त्याला काही तास, कधी दिवसही लागतो. अशा वेळी नाडी, रक्तदाब आणि शुद्ध यांकडे बघतात.

१७. फोटो न पाठवता थेट दवाखान्यात कधी जायचं?

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, घेरी येऊन पडणं, डांबरासारखी काळी शी, दर तासाला पॅड भिजणं. गर्भवतीला यांपैकी काहीही. आणि लहान मुलाचे तळहात कागदासारखे पांढरे दिसत असतील तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी. आरोग्यसेविकांना मुलांच्या तळहाताचा फिकटपणा बघायला शिकवतात तो याचसाठी: खूपच पांढरा असेल तर पुढच्या रुग्णालयात लगेच पाठवायचं.

१८. फोटो पाठवताना सोबत काय लिहू?

वय, किती दिवसांपासून काय त्रास, जिना चढताना काय होतं, पाळी किती दिवस आणि किती, शीचा रंग, सुरू असलेली औषधं, आणि आधी कधी सीबीसी केलं असेल तर तो आकडा तारखेसकट. हे लिहून झालं की हाताचा फोटो नसला तरी चालतो. रिपोर्टचा फोटो मात्र जरूर पाठवा. तो पिवळ्या दिव्यातही वाचता येतो.